वृंदावन सहा मीटरवर आहे, मग इतकं शार्प कसं? फोटोत वस्तू जोडताना ब्लर मोजून द्यायची पद्धत

साताऱ्याकडच्या एका घरातून आजी-आजोबांचा फोटो आला होता. अंगणात दोन खुर्च्यांवर दोघं बसलेली, मागे शहाबादी फरशी, त्यापलीकडे जुनी भिंत. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की अंगणातलं तुळशीवृंदावन दुरुस्तीसाठी काढलं होतं तेव्हा हा फोटो काढला गेला, तर ते आजोबांच्या मागे उजवीकडे पुन्हा दिसायला हवं. वृंदावन परत बसवल्यावर मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो त्यांनी पाठवला. मी ते कापलं, बसवलं, रंग जुळवले, सावली दिली, अंदाजाने थोडा ब्लर दिला. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. वीस बाय तीस इंचाची प्रिंट घरी गेली आणि आजींनी पहिल्याच नजरेत विचारलं, "हे काय चिकटवलंय?"

आजींना फोकस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण चूक त्यांनी बरोबर पकडली होती. वृंदावनाच्या बाजूची फरशी विरघळलेली आणि वृंदावनाच्या कडा मात्र विळीने कापल्यासारख्या. ते काम मी पुन्हा केलं. तेव्हा बसवलेली पद्धत इथे त्याच फोटोच्या आकड्यांसकट देतो. मी फोटोशॉप वापरतो म्हणून मेनूंची नावं त्यातली आहेत. मोजमाप मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये हेच राहील.

आधी हे जमवून ठेवा

- मूळ फोटोची पूर्ण आकाराची फाईल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चालणार नाही, कारण त्यात पिक्सेल कमी झालेले असतात आणि बारीक दाणेही पुसले गेलेले असतात.
- जोडायच्या वस्तूचा फोटो. तो मूळ फोटोत जेवढा दिसायला हवा त्याहून मोठा आणि पूर्ण शार्प हवा. शार्पला ब्लर करता येतं, उलटं होत नाही.
- लेयर, मास्क, मोजपट्टी आणि लेन्ससारखा ब्लर देणारा फिल्टर असलेलं सॉफ्टवेअर.
- कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर.

मूळ फोटो कोणत्या लेन्सने काढला ते कळलं तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. आमचा फोटो फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा, ५० मिमी लेन्सचा, एफ/२ वर, उभा काढलेला होता. म्हणजे ४००० पिक्सेल रुंद आणि ६००० पिक्सेल उंच.

१. क्षितिजाची रेघ आणि फोकसची रेघ शोधा

सगळं काम या दोन आडव्या रेघांवर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

क्षितिजाची रेघ म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची. अंगणाला चारही बाजूंनी भिंत असली तरी ती रेघ फोटोत असतेच, फक्त दिसत नाही. फरशीचे जे सांधे कॅमेऱ्यापासून लांब जातात, ते मागे जाताजाता एकमेकांकडे झुकतात. अशा दोन सांध्यांवर सरळ रेघा मारा आणि त्या भिंतीतून आरपार वर वाढवा. जिथे त्या एकमेकींना छेदतील ती क्षितिजाची उंची. तिसऱ्या सांध्याने खात्री करून घ्या. छेद फोटोच्या बाहेर पडत असेल तर कॅनव्हास तात्पुरता वाढवा. आमच्या फोटोत ही रेघ वरून १७०० पिक्सेलवर आली, म्हणजे साधारण आजोबांच्या कपाळापाशी. फोटोग्राफरने कॅमेरा छातीच्या उंचीवर धरला होता, त्याच्याशी ते जुळतं.

कॅमेरा थोडा खाली झुकवलेला असला तरी बिघडत नाही. क्षितिजाची रेघ त्या मानाने फोटोत वर सरकते आणि पुढचं गणित तसंच्या तसं लागू पडतं.

दुसरी रेघ फोकसची. जे शार्प आहे ते जमिनीवर जिथे टेकतं, ती रेघ. बहुतेक जण इथे फसतात, मीही फसलो होतो. फोकस चेहऱ्यावर असतो, पायांवर नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय चेहऱ्यापेक्षा सहज हातभर पुढे असतात. म्हणून आजोबांच्या चपला न धरता खुर्चीचे मागचे पाय धरले, कारण चेहरा साधारण त्यांच्या वर येतो. ही रेघ वरून ४२०० पिक्सेलवर होती. क्षितिजापासून खाली २५०० पिक्सेल.

आता वृंदावन कुठे ठेवायचं ते ठरवा आणि त्याचा पाया जिथे टेकेल ती रेघ घ्या. घरच्यांनी सांगितलेल्या जागेप्रमाणे ती ३३६७ वर आली, म्हणजे क्षितिजाखाली १६६७.

जमीन सपाट असेल तरच हे चालतं. वृंदावन ओट्यावर असेल तर ओट्याचा माथा धरू नका. ओटा जिथे अंगणाला टेकतो ती रेघ घ्या.

२. फोटोतल्याच एखाद्या गोष्टीचा ब्लर मोजा

मागे एखादा छोटा दिवा किंवा चमकणारी कडी असेल तर नशीब समजा. फोकसबाहेर गेलेला प्रकाशाचा ठिपका गोल चकती होतो, आणि त्या चकतीचा व्यास म्हणजेच त्या अंतरावरचा ब्लर. आमच्या फोटोत मागच्या भिंतीवर सणाच्या माळेतला एक बारीक बल्ब राहिला होता. फोटोशॉपमध्ये Ruler Tool घेऊन चकतीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत ओढलं की वरच्या पट्टीत L1 समोर लांबी दिसते. ३५ पिक्सेल आली.

दिवा नसेल तर एखादी ठळक कड शोधा. पांढऱ्या भिंतीला लागून असलेली गडद दाराची चौकट चांगली. फोकसमध्ये असती तर तिथे काळ्याचं पांढरं एकदम झालं असतं. ब्लरमुळे मधे राखाडी पट्टा तयार होतो. काळं जिथे उजळू लागतं तिथपासून ते पूर्ण पांढरं होईपर्यंत जी रुंदी, तीच चकतीचा व्यास. फोटो चारशे टक्के मोठा करून मोजा आणि दोन-तीन ठिकाणी मोजा.

बल्ब ज्या भिंतीवर होता तिचा पाया फरशीला २५३३ वर मिळत होता, म्हणजे क्षितिजाखाली ८३३.

३. वस्तूचा ब्लर काढा

लेन्सचा ब्लर अंतराबरोबर कसा वाढतो ते समजलं की पुढचं सोपं आहे. फोकसच्या रेघेवर तो शून्य असतो. तिथून मागे जाऊ तसा वाढतो, पण कितीही मागे गेलं तरी एका मर्यादेपलीकडे जात नाही. लांबच्या डोंगराला जो ब्लर, तो कमाल ब्लर. आणि गंमत अशी, की सपाट जमिनीवर हा ब्लर फोटोतल्या उंचीप्रमाणे अगदी सरळ रेषेत वाढतो. फोकसच्या रेघेवर शून्य, क्षितिजाच्या रेघेवर कमाल, मधे समान चढ. म्हणून अंतर मीटरमध्ये माहीत असायची गरजच पडत नाही. फोटोतली उंची पुरते.

```
ब्लर = कमाल ब्लर × | १ − (वस्तूची खोली ÷ फोकसची खोली) |
```

इथे 'खोली' म्हणजे ती रेघ क्षितिजाखाली किती पिक्सेलवर आहे ते.

आधी बल्बवरून कमाल ब्लर काढू. ८३३ भागिले २५०० म्हणजे एक तृतीयांश. एकातून वजा केला की दोन तृतीयांश उरतो. म्हणजे बल्बचा ३५ पिक्सेलचा ब्लर हा कमाल ब्लरचा दोन तृतीयांश भाग. कमाल ब्लर आला साडेबावन्न पिक्सेल.

आता वृंदावन. १६६७ भागिले २५०० म्हणजे दोन तृतीयांश, एकातून वजा करून एक तृतीयांश. साडेबावन्नचा तिसरा हिस्सा, साडेसतरा पिक्सेल. वृंदावनाला हवा असलेला ब्लर हाच, आणि लक्षात ठेवा, हा व्यास आहे.

लेन्सची माहिती असल्यामुळे मी दुसऱ्या बाजूनेही पडताळलं. फोकस ४ मीटरवर होता. ५० मिमी लेन्स एफ/२ वर म्हणजे छिद्र २५ मिमी. कमाल ब्लर सेन्सरवर किती, तर २५ गुणिले ५० भागिले ३९५० (४ मीटरमधून लेन्सचे ५० मिमी वजा केले), म्हणजे ०.३१६ मिमी. सेन्सरच्या ३६ मिमीत ६००० पिक्सेल, म्हणून ते जवळजवळ ५३ पिक्सेल होतात. फोटोवरून काढलेले साडेबावन्न आणि हे ५३. एवढं जुळलं की मला चैन पडतं.

चपलांची रेघ धरली असती तर किती चुकलं असतं तेही करून पाहिलं. वृंदावनाचा ब्लर साडेसतराच्या जागी २० आला. एवढा फरक प्रिंटमध्ये कुणाला कळत नाही. मी साधारण १५ टक्क्यांची चूक सोडून देतो. पण पहिल्या प्रिंटमध्ये माझा अंदाज गरजेच्या निम्म्याहूनही कमी होता, आणि तो आजींना दिसला.

वस्तू फोकसच्या पुढे ठेवायची असेल तरी सूत्र हेच, फक्त उत्तर उणे आलं तर उणे चिन्ह सोडून द्यायचं. पण पुढच्या बाजूला ब्लर फार झपाट्याने वाढतो. फोकस ४ मीटरवर असताना मागे ६ मीटरवर जेवढा ब्लर, तेवढाच पुढे ३ मीटरवर. आणि २ मीटरवर, म्हणजे निम्म्या अंतरावर, तो थेट कमाल ब्लरएवढा होतो. समोर रांगोळी किंवा समई टाकायला सांगतात तेव्हा हे आठवा.

४. आकडा फिल्टरच्या भाषेत आणा

दुसऱ्या प्रयत्नात मी Gaussian Blur च्या खिडकीत सरळ १७.५ टाकलं आणि वृंदावनाचं धुकं झालं. त्या खिडकीत Radius लिहिलेलं असतं, पण ती चकतीची त्रिज्या नसते. तिथला आकडा पसरण्याचं वेगळं माप आहे आणि तो चकतीच्या व्यासाच्या साधारण चौथा हिस्सा लागतो. साडेसतराला ४.४. मी चौपट ब्लर देऊन बसलो होतो.

पण मुळात गॉशियन इथे दुय्यमच. तो मधे दाट आणि कडेला विरळ पसरतो, त्यामुळे चमक मळकट होते. लेन्स एका ठिपक्याची सपाट, कडा असलेली चकती करते. पितळेच्या तांब्यावरची चमक किंवा पानावरचा उन्हाचा ठिपका ब्लर होताना हा फरक उघड दिसतो. म्हणून Filter > Blur > Lens Blur वापरा, किंवा Filter > Blur Gallery > Field Blur.

या फिल्टरांचा आकडा त्रिज्या धरतो की आणखी काही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा एकदा चाचणी घ्या. त्याच आकाराची नवी फाईल घ्या, अर्धी काळी, अर्धी पांढरी. तिच्यावर फिल्टर १० आकड्याने चालवा आणि मधला राखाडी पट्टा मोजा. दाराच्या चौकटीवर केलं तसंच. पट्टा २० पिक्सेल आला तर तुमच्या फिल्टरचा आकडा व्यासाच्या निम्मा आहे, म्हणजे साडेसतरासाठी ८.७ द्यायचा, खिडकी दशांश घेत नसेल तर ९. वेगळं काही आलं तर त्या प्रमाणात बदला. माझ्या टेबलाशेजारी भिंतीवर प्रत्येक फिल्टरचं हे प्रमाण लिहिलेला कागद चिकटवलेला आहे.

५. आकार आधी, ब्लर नंतर

वस्तू अंतिम आकारात आणून मगच ब्लर द्या. ब्लर दिलेली वस्तू नंतर ऐंशी टक्क्यांवर आणली तर ब्लरही ऐंशी टक्के होतो आणि सगळं मोजमाप वाया जातं. ग्राहक "थोडं मोठं करा" म्हणणारच, म्हणून ब्लर न दिलेली प्रत वेगळ्या लेयरवर जपून ठेवा.

आकार देतानाही क्षितिजाची रेघ कामी येते. कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटरवर होता, म्हणजे अंगणातली कोणतीही १.२ मीटर उंचीची गोष्ट क्षितिजाच्या रेघेला टेकणार. वृंदावन तुळशीसकट १.६ मीटर, म्हणजे त्याचा तीन चतुर्थांश भाग रेघेखाली आणि एक चतुर्थांश वर. ते २२०० पिक्सेलच्या आसपास उंच बसलं.

वस्तूच्या फोटोत स्वतःचा ब्लर असेल तर तो वजा करावा लागतो, पण सरळ वजाबाकीने नाही. दोन ब्लर एकावर एक आले की त्यांचे वर्ग मिळवले जातात. मोबाईलच्या फोटोत आकार दिल्यानंतर कडा ३ पिक्सेलच्या होत्या. साडेसतराच्या वर्गातून ३ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं तर १७.२ येतं, म्हणजे दुर्लक्ष करा. कडा १० पिक्सेलच्या असत्या तर उरलेला ब्लर १४.४ द्यावा लागला असता. आणि कडा आधीच साडेसतराच्या वर असतील तर तो फोटो परत पाठवा. शार्प करून उपयोग होत नाही, कडेला पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात.

६. कडा: रंग वेगळा, मास्क वेगळा

प्रिंटमध्ये चूक पकडली जाते ती कडेवर. कापलेल्या लेयरवर सरळ ब्लर चालवला तर दोनपैकी एक होतं. काही फिल्टर आतला भाग विरघळवतात पण कापलेली कड तशीच धारदार ठेवतात. काही कड पसरवतात, पण जुन्या फोटोतल्या बॅकग्राउंडचा रंग कडेला राहिला असेल तर तोही सोबत पसरतो आणि वस्तूभोवती फिकट कडं दिसतं.

त्यावर उपाय म्हणजे रंग आणि आकार वेगळे करणं. मी असं करतो.

वृंदावन नीट कापून मास्क तयार करतो, कड एक पिक्सेल आत घेऊन. तो मास्क जपून ठेवतो. मग कापलेल्या वृंदावनाची एक प्रत खाली घेऊन तिला १० चा Gaussian Blur देतो. कडेचे रंग बाहेर पसरतात पण पारदर्शक असतात, म्हणून त्या प्रतीच्या आणखी पाच-सहा प्रती एकावर एक ठेवतो, म्हणजे बाहेरचा पट्टा भरीव होतो. त्यावर मूळ शार्प वृंदावन ठेवून सगळं एकत्र करतो. आता वृंदावनाचाच रंग त्याच्या कडेबाहेर वीसेक पिक्सेल वाहत गेलेला असतो. दिसायला विचित्र दिसतं, दिसू द्या.

या रंगाच्या लेयरवर Lens Blur ८.७ चालवायचा. मग जपून ठेवलेला मास्क त्याला लावून, मास्कवर क्लिक करून, तोच फिल्टर त्याच आकड्याने. फिल्टर मास्कवर चालत नसेल तर मास्कला Gaussian Blur ४.४ द्या, कडेवर फरक शोधून सापडत नाही. आता रंग आणि आकार सारखेच विरघळलेले आहेत आणि कडं नाही.

तुळशीची पानं कापायला मी पहिल्यांदा दोन तास घालवले होते. ते वाया गेले. साडेसतरा पिक्सेलच्या ब्लरमध्ये पानांचे दाते उरतच नाहीत. मंजिऱ्या आणि फांद्यांमधल्या मोठ्या फटी तेवढ्या नीट ठेवा.

७. पुढच्या माणसाचा खांदा

वृंदावनाचा डावा काठ आजोबांच्या खांद्यामागे जात होता. इथली चूक फार होते. खांद्याचा आकार वृंदावनाच्या मास्कमधूनच कापून टाकला आणि मग मास्कला ब्लर दिला, तर खांद्याची कडही विरघळते. मग खांद्यालगत वृंदावन अर्धवट पारदर्शक होतं आणि जुनी भिंत डोकावते. लांबून पाहिलं की आजोबांच्या खांद्याला उजळ किनार लावल्यासारखी दिसते.

आजोबा फोकसमध्ये आहेत, म्हणून त्यांची कड शार्पच राहिली पाहिजे आणि वृंदावनाचा ब्लर तिच्यामागे जाऊन थांबला पाहिजे. म्हणून ब्लर दिलेलं वृंदावन एका ग्रुपमध्ये टाका आणि खांद्याचा मास्क त्या ग्रुपला लावा. हा मास्क ब्लर करायचा नाही. त्याची कड मूळ फोटोत आजोबांच्या सदऱ्याची कड जेवढी मऊ आहे तेवढीच, आमच्याकडे दोन पिक्सेल.

८. लांबट वस्तू असेल तर ब्लर उतरता द्या

वृंदावन ६० सेंटीमीटर खोल आहे. त्याच्या पुढच्या कडेला साडेसतरा आणि मागच्या कडेला साधारण २१ ब्लर येतो. मी एकच आकडा ठेवला. पण तिथे कॅमेऱ्याच्या दिशेने लांब ठेवलेला बाक असता, पुढचं टोक ४.५ मीटरवर आणि मागचं ६ मीटरवर, तर पुढे ६ आणि मागे साडेसतरा. तिथे एकच आकडा चालत नाही.

अशा वेळी Lens Blur मधल्या Depth Map ला राखाडी चढाचा एक चॅनल द्या. जमिनीवर ब्लर सरळ रेषेत वाढतो हे तिसऱ्या पायरीत पाहिलं, म्हणून साधा सरळ ग्रेडियंट पुरतो. फोकसच्या रेघेवर काळा, क्षितिजाच्या रेघेवर पांढरा, आणि फिल्टरचा आकडा कमाल ब्लरचा. Blur Focal Distance शून्यावर ठेवा, म्हणजे काळा भाग शार्प राहतो. बाकाच्या पायासाठी हा चढ बरोबर आहे. पाठ उभी असल्यामुळे तिला मात्र खाली ती जिथे टेकते तिथलाच राखाडी रंग द्यावा लागतो. ग्रेडियंट तसाच ठेवला तर पाठ वर जाताजाता उगाचच विरघळत जाते.

९. सावली, दिवा आणि दाणे

पायाशी पडलेली सावली त्याच अंतरावर असते, म्हणून तिलाही साडेसतराच. कॅमेऱ्याकडे लांब येणारी सावली पुढे येताना शार्प होत गेली पाहिजे.

वृंदावनाच्या देवळीत पणती होती. ब्लर दिल्यावर तिची ज्योत मातकट झाली, कारण फाईलमध्ये ज्योतीचा उजेड २५५ वर कापलेला असतो. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी पट असतो आणि पसरूनही झगझगीत राहतो. Lens Blur मध्ये Specular Highlights खाली Brightness थोडं वाढवा, पण Threshold २५० च्या वर ठेवा. मी आधी तो खाली ठेवला तर चुना लावलेलं वृंदावनच चांदण्यासारखं चमकायला लागलं. त्याहून बरं म्हणजे ज्योत वेगळ्या लेयरवर घेऊन मागच्या बल्बच्या चकतीशी तिचा उजेड डोळ्याने जुळवणं.

शेवटी दाणे. ब्लर दिला की वस्तूतले दाणे पुसले जातात, पण मूळ फोटोतल्या मागच्या भिंतीत ते असतातच, कारण ते लेन्समध्ये नाही, सेन्सरवर तयार होतात. भिंत कितीही ब्लर असो, दाणे शार्पच. दोनशे टक्के मोठं करून भिंत आणि वृंदावन शेजारी पाहा. वृंदावन मेणासारखं गुळगुळीत दिसत असेल तर Add Noise मध्ये Gaussian आणि Monochromatic निवडून दीड टक्क्यापासून सुरुवात करा. हे ब्लरच्या नंतरच. आधी दिले तर ब्लर तेही खाऊन टाकतो.

१०. पाठवण्याआधी कुठे पाहायचं

फोटो शंभर टक्के मोठा करा आणि वृंदावनाच्या पायापासून आडवं डावीकडे-उजवीकडे सरका. त्याच रेघेवरची फरशी त्याच अंतरावर आहे, म्हणून तिच्या सांध्याची कड आणि वृंदावनाच्या पायाची कड सारखीच मऊ हवी. आमच्याकडे सांधा १८ पिक्सेल भरला. पायाची कड सांध्यापेक्षा टोकदार दिसली तर वस्तू पुढे आल्यासारखी वाटते, जास्त मऊ दिसली तर मागच्या भिंतीला टेकल्यासारखी. ही तपासणी नेहमी त्याच आडव्या रेघेवर करा. वृंदावनाच्या माथ्याशेजारी फोटोत दिसणारी भिंत दुप्पट लांब आहे, तिच्याशी तुलना केली तर ब्लर उगाच वाढवून बसाल.

ही पद्धत एका ठिकाणी चालत नाही. मूळ फोटो मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडमधला असेल तर तिथला ब्लर लेन्सचा नसतो, फोनने हिशेब करून घातलेला असतो आणि तो या नियमाने वाढेलच असं नाही. तिथे सूत्र सोडा, त्याच रेघेवरची फरशी मोजा आणि तोच आकडा वापरा. फरशी शार्प आणि भिंत एकदम विरघळलेली असं विचित्र असेल तर तेही तसंच पाळा, कारण वस्तू त्या फोटोत राहायची आहे.

दुसरी प्रिंट मी स्वतः घेऊन गेलो. आजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "तुळस जरा सुकलीय का रे?"